घोट्यावरचा काळा डाग आणि न भरणारी जखम

पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडापासून चार बोटे वर, कातडीचा रंग बदलू लागतो. गोऱ्या पायावर तो तांबूस-तपकिरी दिसतो, सावळ्या पायावर सरळ काळपट. वहाणेचा पट्टा घासला असेल, ऊन लागले असेल, वयच झाले आता, अशी स्वतःची समजूत घालून माणूस तो विसरून जातो. साडी नेसणाऱ्या बाईच्या पायावर तर तो काठाखाली झाकलेला असतो आणि वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस पडत नाही. मग तिथे खाज सुटते. संध्याकाळी घोटे जड होतात, बोटाने दाबले तर खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. पोटरीवर निळसर, गाठाळ शिरा फुगून आलेल्या असतात. आणि एक दिवस कशाने तरी खरचटते, एवढीशी जखम होते आणि ती भरायचे नाव घेत नाही.

या प्रत्येक तक्रारीसाठी माणूस वेगळ्या दारात उभा राहतो. डागासाठी रंग उजळण्याचे क्रीम, खाजेसाठी गजकर्णाचे मलम, जखमेसाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रोजचे ड्रेसिंग. फुगलेल्या शिरांबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्या दुखत नाहीत. खरे म्हणजे हे सगळे एकाच आजाराचे पुढचे पुढचे टप्पे आहेत आणि त्याचे मूळ कातडीत नाहीच. ते पायातल्या रक्ताच्या दाबात आहे. म्हणून जखमेवर काय लावायचे, या प्रश्नापेक्षा पायातला दाब कसा उतरवायचा, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

हा दाब येतो कुठून? हृदय रक्त पायापर्यंत ढकलून देते, पण तिथून ते वर आणायचे काम मुख्यतः पोटरीला करावे लागते. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. स्नायू सैल झाला की ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी नाजूक झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व खराब झाला की मोटार थांबताच पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, तसेच झडपा निकामी झाल्यावर पायात होते. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या साधारण 80 ते 90 मिलिमीटर असतो. पाय निरोगी असतील तर चालायला लागताच तो 30 च्या खाली येतो. झडपा गेलेल्या पायात तो चालतानाही फारसा उतरत नाही. दिवसभर, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे त्या जागेवर तेवढाच भार राहतो.

एवढ्या दाबाने केशवाहिन्यांतून पाणी झिरपते, ती सूज. पाण्यामागोमाग तांबड्या पेशीही बाहेर पडतात आणि कातडीत फुटतात. त्यांच्यातले लोह तिथेच साठते. घोट्यावरचा तो काळपट डाग म्हणजे हे साठलेले लोह. घासून ते निघत नाही आणि रंग उजळण्याच्या क्रीमचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. इलाज झाल्यावर डाग थोडा फिकट होऊ शकतो, पण बहुतेकांच्या पायावर तो कायमचा राहतो. लोहाबरोबर प्रथिने आणि पांढऱ्या पेशीही तिथे अडकतात आणि कातडीला सतत दाह होत राहतो. कातडी कोरडी पडते, खवले सुटतात, खाजते, कधी लस पाझरते. हे या आजाराचे इसब. ते बुरशीने होत नाही आणि संसर्गानेही नाही. पुढे कातडीखालची चरबी आक्रसून घट्ट होते, घोट्याजवळचा भाग लाकडासारखा कडक लागतो, आणि वर फुगलेली पोटरी व खाली बारीक घोटा असा पायाचा आकार होतो. मधेच पांढरे, चकचकीत, व्रणासारखे ठिपके दिसले तर समजावे की तिथला रक्तपुरवठा फारच तोकडा झाला आहे. अशा कातडीला निमित्त पुरते.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. अशा अनेकींच्या हकिकती इतक्या एकसारख्या असतात की त्यांची मिळून एकच सांगता येते. वय 54, तीन बाळंतपणे, पुण्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात वीस वर्षे काम. सकाळी सहापासून दुपारपर्यंत ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटायच्या, हात चालू आणि पाय जागच्या जागी. उभे राहण्याने जे बिघडते ते नेमके इथे. चालणाऱ्याची पोटरी निदान आवळते तरी, उभ्याने लाटणाऱ्या बाईची पोटरी तासन्‌तास तशीच राहते. न्हावी, वाहतूक पोलीस, साडीच्या दुकानातल्या विक्रेत्या, शिक्षक या सगळ्यांना हाच धोका आहे. आईला किंवा वडिलांना शिरांचा त्रास असेल, वजन जास्त असेल, किंवा पूर्वी कधी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर धोका आणखी वाढतो.

मावशींच्या डाव्या घोट्याला गॅस सिलिंडरची कड लागली. कातडी जरा सोलली गेली. त्यांनी हळद दाबली. आठ दिवसांनी पाणी सुटू लागले तेव्हा शेजारणीने सांगितलेला झेंडूचा पाला वाटून बांधला. मग दुकानातून अँटिबायोटिक मलम आणले, नंतर कॅप्सूल फोडून तिची पावडर जखमेत भरली. दवाखान्यात रोज पट्टी बदलली गेली, अँटिबायोटिकच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले. साखर तपासली, ती ठीक निघाली. पाच महिन्यांनी जखम 5 सेंटिमीटर लांब आणि 4 सेंटिमीटर रुंद होती आणि तिच्या भोवतीची कातडी लालभडक, ओली आणि असह्य खाजणारी झाली होती. खाज दुसऱ्या पायावर आणि हातांवरही उठली होती.

ही नवी खाज कुठून आली? बहुधा मलमातून. नीओमायसिन, फ्रामायसेटिन यांसारखी अँटिबायोटिक मलमे, सुगंधी क्रीम, लोकरीतून निघणारे लॅनोलिन, काही पट्ट्यांचे चिकट भाग यांची अॅलर्जी या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते, कारण दाह झालेल्या फाटक्या कातडीवर ती महिनोन्‌महिने लावली जातात. ओळखायची खूण अशी की मलम लावल्यावर खाज वाढते आणि लाली मलम जिथवर पसरले तिथवरच सुरू होते. बरे व्हावे म्हणून माणूस आणखी मलम लावतो आणि जखमेभोवतीची कातडी आणखी बिघडते. अशी शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करून नेमकी कशाची अॅलर्जी आहे ते शोधू शकतात. मावशींच्या पायावरचे सगळे मलम, पाला आणि पावडर त्या दिवशी बंद झाली. जखम साध्या सलाइनने धुवायची, भोवतीच्या इसबावर ठरावीक दिवस स्टिरॉइडचे मलम, आणि कोरड्या भागावर सुगंध नसलेली पांढरी पेट्रोलियम जेली. बाकी काही नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. उघड्या जखमेतून स्वॅब घेतला की त्यात जंतू सापडणारच, ते तिथे राहायलाच आलेले असतात. सापडले म्हणून गोळ्या द्यायच्या नसतात. जखमेच्या तळाशी दिसणारा पिवळा चिकट थर पुष्कळदा पू नसतो, मेलेल्या पेशींचा थर असतो. संसर्ग खरोखर झाला आहे हे वेगळ्या गोष्टींवरून कळते. दुखणे एकाएकी वाढते, लाली आणि ऊब दिवसागणिक वर पसरते, वास येतो, ताप येतो. तसे असेल तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दोन्ही घोटे एकाच वेळी लाल झाले आहेत, ताप नाही, खाज जास्त आणि दुखणे कमी, असे चित्र असेल तर तो बहुतेक वेळा संसर्ग नसतो, इसबच असते. या एका फरकाकडे नीट पाहिले तर कितीतरी जणांच्या पोटात विनाकारण जाणारी अँटिबायोटिक वाचतील.

खरा इलाज दाबाला बाहेरून दाबाने उत्तर देण्याचा आहे. पण पट्टी आवळण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे, कारण याच पायाच्या धमन्या तुंबलेल्या असतील तर बाहेरून घातलेला दाब उरलासुरला रक्तपुरवठाही बंद करील आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. तपासणी सोपी आहे. दंडाचे ब्लडप्रेशर घ्यायचे, मग घोट्यावर कफ बांधून हातात धरायच्या छोट्या डॉप्लरने घोट्याचे घ्यायचे आणि घोट्याच्या वरच्या आकड्याला दंडाच्या वरच्या आकड्याने भागायचे. मावशींचा दंड 140, घोटा 134, म्हणजे भागाकार 0.96. धमन्या ठीक. तो 0.8 पेक्षा कमी निघाला तर पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नसते, आणि 0.5 पेक्षा कमी असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचे. मधुमेह जुना असेल तर धमन्या टणक होतात, कफने नीट दबत नाहीत आणि आकडा खोटाच मोठा, 1.3 च्या वर येतो. तेव्हा पायाच्या बोटातला दाब मोजावा लागतो. धमनीच्या आजाराची जखम वागण्यातही वेगळी असते. ती बहुधा बोटांवर, टाचेवर किंवा बाहेरच्या बाजूला होते, पाय वर ठेवला की जास्त दुखते आणि खाटेवरून खाली सोडला की बरे वाटते. शिरांच्या जखमेचे उलटे, पाय वर घेतला की आराम पडतो.

मग पट्टी. घोट्याजवळ साधारण 40 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब द्यायचा असतो आणि गुडघ्याकडे जाताना तो आपोआप कमी होत जायला हवा. त्यासाठी ताण बदलावा लागत नाही. सगळीकडे सारखाच ताण ठेवला तरी बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड पोटरीवर कमी पडतो. म्हणून घोटा आणि पोटरी यांच्या घेरात फरक राहील असा कापूस आधी गुंडाळतात, आणि नडगीच्या हाडावर व घोट्याच्या उंचवट्यावर तो जरा जास्त घालतात, नाहीतर हाडावरची कातडी दाबाने मरते. पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू करायची, पाऊल नडगीशी काटकोनात धरून. टाच उघडी सोडायची नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकील असा घ्यायचा आणि गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर थांबायचे. आपल्याकडे सर्रास वापरतात ते क्रेप बँडेज एकटे पुरत नाही, काही तासांत ते सैल पडते आणि घोट्यावर गोळा होते. त्यासाठी चार थरांची पट्टी किंवा कमी ताणली जाणारी, कडक विणीची पट्टी लागते. कडक पट्टीचा फायदा असा की झोपलेले असताना ती फारशी आवळत नाही, पण चालताना फुगणाऱ्या पोटरीला तिच्यावर टेकून रक्त जोरात वर ढकलता येते. म्हणजे ही पट्टी बांधून माणसाने चालायचे असते, पडून राहायचे नसते.

पहिले पंधरा दिवस मावशींची पट्टी आठवड्यातून दोनदा बदलावी लागली, कारण साठलेले पाणी पाझरत होते. पुढे आठवड्यातून एकदा. ‘रोज ड्रेसिंग नाही केले तर सडेल की हो डॉक्टर,’ असे त्या म्हणाल्या. हा धसका बहुतेकांना असतो. पण रोज पट्टी सोडणे म्हणजे रोज दाब उतरवणे, आणि नव्याने धरू पाहणारी कातडी रोज उचकटणे. पट्टी लगेच काढायची ती वेगळ्या कारणांसाठी, बोटे निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा पाय आडवा केल्यावरही दुखणे वाढत गेले तर. आणि ज्यांचे हृदय कमजोर आहे, ज्यांना आडवे झाल्यावर दम लागतो, त्यांच्या पायाला अशी पट्टी डॉक्टरांना न विचारता बांधू नये. पायातले पाणी एकाएकी वर ढकलले गेले की त्यांच्या फुप्फुसात पाणी साठू शकते.

दोन्ही घोटे सुजले आहेत पण डाग नाही, शिरा नाहीत, अशा वेळी ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाहाव्यात. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात. ती गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टर बदलून देतात. आणि शिरांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ घेऊन फारसे काही साधत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते फक्त खाली अडकलेले असते. ते वर आणायला पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा लागतो. खुर्चीसमोर स्टूल घेऊन पाय पसरला तर तो तेवढा वर जात नाही. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा अर्धा तास आडवे होऊन पायाखाली उशा घ्याव्यात, आणि रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवाव्यात. उठता-बसता त्रास होतो म्हणून कितीतरी म्हातारी माणसे रात्रभर खुर्चीतच पाय सोडून झोपतात. त्यांच्या जखमा कोणत्याही पट्टीने भरत नाहीत.

मावशींना काम सोडणे शक्य नव्हते. तेव्हा ओट्याशी उभ्या असताना दर पंधरा-वीस पोळ्यांनी वीस वेळा टाचा उचलायच्या, असे ठरले. घोट्याचा सांधा महिनोन्‌महिने न हलवल्याने ताठरला की पोटरी आवळूनही उपयोग होत नाही, म्हणून पाऊल वर-खाली फिरवण्याचा व्यायामही जोडला. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी वहीत लिहिली जात होती. चौथ्या आठवड्यात ती 4 बाय 3 झाली, म्हणजे 20 चौरस सेंटिमीटरवरून 12 वर. पहिल्या महिन्यात क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले की ती जखम भरण्याच्या मार्गाला लागली असे समजतात. आकडा हललाच नसता तर पट्टी नीट बांधली जाते का, धमन्या पुन्हा पाहाव्यात का, हे तपासावे लागले असते. आणि तीन महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा जखमेच्या कडा उचलल्यासारख्या, फुलकोबीसारख्या वाढू लागल्या, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या जखमेत क्वचित कॅन्सर होतो आणि तो ड्रेसिंगखाली लपून राहतो.

याच काळात मावशींची कलर डॉप्लर झाली. ही तपासणी उभे करून व्हायला हवी. पडलेल्या माणसाच्या शिरेत रक्त उलटे वाहताना दिसेलच असे नाही. झडप चांगली असेल तर पोटरी दाबून सोडल्यावर उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदात थांबतो. मावशींच्या डाव्या पायात जांघेपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या मोठ्या वरवरच्या शिरेत तो बराच वेळ चालू होता. खोल शिरा मोकळ्या होत्या, हे महत्त्वाचे, कारण ही बिघडलेली शीर बंद केल्यावर रक्ताला जायला वाट हवी.

पूर्वी आधी जखम भरू द्यायची आणि मग शिरेचे पाहायचे, अशी रीत होती. इंग्लंडमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या एव्हरा या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना दाबाची पट्टी होतीच. ज्यांची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद केली त्यांची जखम भरायला मधला आकडा 56 दिवसांचा आला, ज्यांचे हे काम पुढे ढकलले त्यांचा 82 दिवसांचा. त्याआधीच्या एका इंग्लिश अभ्यासात एका वर्षात जखम पुन्हा उघडण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीने 28 टक्के आणि शिरेवर शस्त्रक्रियाही केली तर 12 टक्के होते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर मलम बदलत बसण्यापेक्षा डॉप्लरसाठी जावे. शीर बंद करायला आता बहुतेक ठिकाणी चिरत नाहीत. गुडघ्याजवळून सुईवाटे बारीक तार शिरेत सरकवतात, शिरेच्या भोवती भूल दिलेले पाणी भरतात आणि लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करतात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो, आणि चालायलाच सांगतात. ज्यांच्या खोल शिराच जुन्या गुठळीने खराब झाल्या आहेत त्यांना मात्र याचा एवढा फायदा मिळत नाही. त्यांचा भरवसा आयुष्यभर पट्टी आणि मोज्यांवरच असतो.

मावशींची जखम चौदाव्या आठवड्यात बंद झाली. पट्टी सुटली आणि मोजा आला. हा मोजा नुसता घट्ट असून भागत नाही. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दाबाचा असावा लागतो, आणि सकाळी, सूज उतरलेली असताना, घोट्याचा व पोटरीचा घेर मोजून घ्यावा लागतो. तो अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधी घालायचा, टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत सरकवायचे आणि मग वर उलगडत न्यायचा. रबरी हातमोजे घातले की पकड येते आणि नखे लागत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात तो घालून तव्यासमोर उभे राहणे कठीण असते, हे खरे आहे. मावशींनी एप्रिल-मेमध्ये एक पायरी कमी दाबाचा मोजा घालायचे डॉक्टरांशी बोलून ठरवले. मुळीच न घालण्यापेक्षा तो केव्हाही बरा. रोज वापरलेल्या मोज्याचा ताण साधारण सहा महिन्यांत संपतो. दिसायला तो धडका असतो, पण मग नवा घ्यावा लागतो.

डॉप्लरमध्ये मावशींच्या उजव्या पायाचाही अहवाल होता. त्या पायावर जखम नव्हती, शिराही फार दिसत नव्हत्या, पण आतल्या घोट्यावर हातभर डागाची सुरुवात झालेली होती आणि तिथल्या मोठ्या शिरेतही रक्त उलटे येत होते. मोज्यांची जोडीच घ्यायला सांगितली गेली.